चाळ पुनर्विकासाला देतोय, भाडेकरूंना किती मुदत द्यावी?

विनायक (घरमालक, गिरगाव)
आमची तीन मजली चाळ आहे, १९३० च्या सुमाराची, सेसची, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणारी. २७ भाडेकरू, त्यात खाली ३ दुकानं. भाडं महिना १०० ते १४० रुपये. गेल्या रविवारी सगळ्यांना अंगणात बोलावून सांगितलं की चाळ विकासकाला देतोय, ३१ मे पर्यंत खोल्या रिकाम्या करा. पर्याय दोन दिले: महिना २५ हजार भाडं, नाहीतर विकासकाच्या मीरा रोडच्या इमारतीत तात्पुरती खोली. अर्धे गप्प बसले, अर्धे भडकले. पावसाळ्याआधी निघा म्हटलं यात माझं काय चुकलं? योग्य मुदत किती असते?

शुभदा
चुकलं हे की तुम्ही तारीख आधी सांगितली आणि कागद नंतर. भाडेकरूंना माझा एकच सल्ला आहे, सीसी म्हणजे नव्या बांधकामाला सुरुवात करायचा पालिकेचा दाखला हातात पडल्याशिवाय खोलीतून खिळासुद्धा हलवू नका. गोरेगावच्या पत्रा चाळीचं काय झालं ते आठवा. ६७२ कुटुंबं, २००८ चा करार, लोक बाहेर पडले, काही वर्षांनी भाडं बंद झालं आणि घरासाठी दशकभराहून जास्त काळ वाट पाहावी लागली. किती वयस्कर माणसं वाट बघतच गेली. एकदा खोली सोडली की तुमच्या हातात काहीच उरत नाही.

मकरंद
शुभदाताई, पत्रा चाळ ही म्हाडाची वसाहत होती, खासगी मालकाची सेसची चाळ नव्हे. दोन्ही एका मापाने मोजू नका. आणि इमारत कोणाच्या कागदांसाठी थांबत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारात हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. त्या इमारतीतली काही कुटुंबं आधीच तात्पुरत्या जागेत गेली होती, बाकीची तिथेच राहत होती. विनायकराव पावसाळ्याआधी म्हणतायत ते काळजीपोटी म्हणतायत असं मी धरतो. शंभर रुपये भाड्यात दुरुस्ती कुठून करणार मालक? वर्षाला चार टक्के वाढ कायद्याने मिळते, म्हणजे शंभरावर चार रुपये.

नीलिमा
मी वकील नाही, पण बरीच वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जाणाऱ्या प्रस्तावांचं काम केलं आहे, त्यातल्या बऱ्याच फायली दक्षिण मुंबईच्या चाळींच्या होत्या. विनायकराव, महिने मोजू नका, टप्पे मोजा.

पहिला टप्पा यादी आणि मोजमाप. सेसच्या इमारतींच्या पुनर्विकासाचा नियम ३३(७), त्याखाली जायचं तर १३ जून १९९६ च्या आधीपासूनचे भाडेकरूच धरले जातात. त्या तारखेनंतर एका खोलीच्या दोन करून वेगळ्या पावत्या फाडल्या असतील तर त्या दोन धरत नाहीत. बहुतेक चाळींत वेळ खातं ते हेच. पावती आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, आता नाव कोणाचं? मुलगा म्हणतो माझं, त्याची विधवा वहिनी म्हणते मी इथेच राहिले, माझं. ही भांडणं घरातली असतात, पण अडकतो तुमचा प्रस्ताव. एका चाळीत २१ पैकी ६ पावत्या अशा निघाल्या आणि त्या सहांनी सात महिने खाल्ले. तेव्हा तुमच्या २७ पावत्या आजच काढून बसा.

दुसरा टप्पा संमती. ५१ टक्के लागतात, म्हणजे तुमच्याकडे १४. त्यावर मंडळाची ना हरकत. ती मिळाली की म्हाडा कायद्याने उरलेल्यांवरही निघणं बंधनकारक होतं, पण त्याच कायद्यात तात्पुरती पर्यायी जागा द्यायची अटही आहे. ती अट सोडून नुसतं "बंधनकारक" एवढंच बैठकीत सांगू नका.

तिसरा टप्पा प्रत्येकाशी स्वतंत्र, नोंदणी केलेला कायम पर्यायी जागेचा करार. त्यात मजला, क्षेत्रफळ, भाड्याची रक्कम, वाढ, आणि भाडं थांबलं तर काय, हे सगळं हवं. या तीन गोष्टी झाल्या आणि भाड्याचे चेक हातात पडले की मग तीस ते पंचेचाळीस दिवसांची मुदत द्या. त्याआधी दिलेली कुठलीही तारीख लोक धमकी म्हणूनच ऐकतात.

शुभदाताई, सीसीबद्दल मात्र तुमचं अर्धंच बरोबर आहे. जुनी इमारत उभी असताना नव्या इमारतीची सीसी सहसा मिळत नाही. आयओडी म्हणजे आराखड्याला पालिकेची पहिली मंजुरी, तिच्याच अटीत लिहिलेलं असतं की आधी जुनं बांधकाम पाडा. म्हणजे भाडेकरू सीसीसाठी अडून बसले आणि पालिका पाडकामासाठी, तर दोघेही वर्षानुवर्षं बसतील. मागायची ती आयओडी, ना हरकत आणि नोंदलेला करार.

शुभदा
हे मला माहीत नव्हतं, मानते. पण मग सीसीपर्यंतच्या काळात भाडेकरूच्या हातात काय उरतं? करार कितीही नोंदवा, विकासकच बुडाला तर त्या कागदाचं करायचं काय? बँक गॅरंटी का मागू नये?

नीलिमा
जरूर मागावी. छोटे विकासक ती देत नाहीत, हेही खरं. मग निदान पहिल्या वर्षाचं भाडं एकरकमी आणि पुढचे चेक आधीच, एवढं तरी घ्यावं. धोका शून्य होतो असं मी म्हणणार नाही.

सतीश
आम्ही नेरूळला फ्लॅटमध्ये पाच वर्षं भाड्याने राहतोय. सोसायटी पुनर्विकासात जातेय आणि मालकाने दोन महिन्यांत निघा म्हटलंय. मग आम्हालाही नवीन जागा किंवा ते २५ हजार मिळायला हवेत ना? भाडेकरू तर आम्हीही आहोत.

मकरंद
सतीश, तुमचा लिव्ह अँड लायसन्सचा करार असणार. नव्या इमारतीतली जागा फ्लॅटमालकाची, पर्यायी भाडंही त्याचंच. तुमच्या करारात नोटिशीची मुदत काय लिहिली आहे ते बघा, आणि किल्ली देताना अनामत रक्कम त्याच दिवशी हातात घ्या, नंतर नाही. इथला विषय पगडीवाल्यांचा आहे.

सतीश
पाच वर्षं राहूनही काहीच नाही, हे पटत नाही. असो, करार काढून बघतो.

वैशाली
मी दुसऱ्या बाजूने बोलते, कारण मी अशाच चाळीत वाढले आणि चार वर्षांपूर्वी बाहेर पडले. आमची खोली १८० चौरस फुटांची होती, संडास गॅलरीच्या टोकाला. नव्या इमारतीत कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेट मिळणार, म्हणून घरात आनंद होता. तो आनंद एक महिना टिकला. तात्पुरती खोली विरारला होती. बाबांच्या हृदयाची तपासणी परळला, धाकट्याची नववी गिरगावातल्या शाळेत. तो रोज पहाटे पाचला निघायचा. सहा महिन्यांत आम्ही विरारची खोली सोडून ताडदेवला दोन खोल्या घेतल्या आणि भाड्यातला फरक स्वतःच्या खिशातून भरला.

विनायककाका, मीरा रोडची खोली हा पर्याय कागदावर चांगला दिसतो. पण मुलं दहावीला असलेल्या आणि म्हातारी माणसं घरात असलेल्या लोकांना तो पर्यायच नाही. आणि ३१ मे पर्यंत निघायचं तर आवराआवर परीक्षेच्या दिवसांतच सुरू करावी लागते. परीक्षा चालू असताना पोरांनी अभ्यास करायचा की आईने भांडी बांधायची?

अजून एक सांगते. सामान काढायच्या दिवशी मी खोलीचा व्हिडिओ काढला, भिंत ते भिंत टेप लावून. पोटमाळ्याची फळी, न्हाणीची मोरी, दाराची चौकट, सगळं. वर्षभराने मापावरून वाद झाला तेव्हा तो व्हिडिओच उपयोगी पडला. किल्ली दिल्याची सहीची पावतीही घेतली होती.

मकरंद
वैशाली, वाईट वाटलं वाचून. पण चौदा जण तयार आणि दोघे अडून बसले तर त्या चौदांनी काय करायचं? आमच्या शेजारच्या इमारतीत एकाच दुकानदाराने जास्त जागेसाठी दोन वर्षं खोळंबवलं. टेकू लावलेल्या जिन्यावरून बाकीचे रोज चढत-उतरत होते. मुदत लवचीक ठेवा म्हणणं सोपं आहे.

नीलिमा
दुकानांचं गणित वेगळंच असतं. घरांना किमान ३०० मिळतात, दुकानाला आहे तेवढंच. त्यामुळे दुकानदाराला पुनर्विकासात वाढीव काही दिसत नाही, उलट तीन-चार वर्षं धंदा बंद. तो अडणारच. विनायकरावांनी त्या तिघांशी आधी आणि वेगळं बसावं. जवळपास तात्पुरता गाळा बघून दिला तर निम्मं काम होतं.

आणि पावसाळ्याबद्दल. इमारत खरोखरच धोकादायक असेल तर रचना तपासणी करून घ्या. सी-१, म्हणजे अतिधोकादायक, निघाली तर खाली करावंच लागतं, मग संमतीची वाट बघत नाहीत. भाडेकरूंनी तेव्हाही घाबरू नये. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलं आहे. पण तपासणीचा अहवाल मालकानेच आपल्या माणसाकडून आणायचा आणि तोच दाखवून घाई करायची, हे भाडेकरूंना लगेच कळतं. त्यांनी स्वतःचा इंजिनियर आणायचं म्हटलं तर आणू द्या. दोन अहवाल जुळले नाहीत तर पालिकेची तांत्रिक समिती आहे.

शुभदा
इथे मी नीलिमाताईंशी सहमत. मात्र मालकाने "काळजी" म्हणून दिलेल्या तारखेवर माझा अजूनही विश्वास नाही. विनायकराव, तुमची इमारत सी-१ आहे का, एवढं सरळ सांगा.

विनायक (घरमालक, गिरगाव)
सरळ सांगतो, तपासणी अजून झालेली नाही. मागच्या जिन्याला दोन वर्षं टेकू आहे म्हणून मी घाबरून ३१ मे म्हटलं, आणि विकासकालाही तीच तारीख हवी होती.

आज पावत्या काढून बसलो. २७ पैकी ५ पावत्यांवरची माणसं हयात नाहीत, त्यातली एक माझ्या वडिलांनी १९७४ साली दिलेली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या मुळात एकच होती, मधली भिंत कधी घातली ते मलाही नक्की सांगता येत नाही. ती १९९६ च्या आधीची निघाली तर २७ राहतात, नाहीतर २६.

येत्या रविवारी पुन्हा बैठक घेतोय. ३१ मे मागे घेतो. करार नोंदून चेक मिळाल्यावर पंचेचाळीस दिवस, आणि शाळेचं वर्ष चालू असेल तर परीक्षा संपेपर्यंत थांबायचं, असं लिहून देतो. मीरा रोड नको असणाऱ्यांना भाडं २५ च्या वर नेता येईल का, हे विकासकाला विचारलंय, अजून उत्तर नाही. जिना मात्र पावसाळ्याआधी माझ्या खर्चाने पक्का करतो.

वैशाली
काका, त्या भिंतीसाठी दोन्ही खोल्यांची जुनी लाइट बिलं मागा. बेस्टचा वेगळा मीटर कधी बसला त्यावरून अंदाज येईल. आमच्याकडे असंच सुटलं होतं.