मदत हवी आहे: रेल्वे फाटकाचं मॉडेल बॅटरीवर मधेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतंय

खानापूरची_नववी

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत नववीला आहे. बाबांच्या खात्यावरून लिहितेय, त्यांची परवानगी आहे. पुढच्या गुरुवारी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे आणि मी आपोआप बंद होणारं रेल्वे फाटक केलंय. बेळगावात टिळकवाडीच्या गेटवर थांबावं लागतं ना, तिथूनच डोक्यात आलं.

रुळाच्या दोन्ही टोकांना एकेक आयआर सेन्सर आहे. गाडी पहिल्या सेन्सरसमोरून गेली की छोटी सर्वो मोटर फाटक खाली आणते, दुसऱ्या सेन्सरसमोरून गेली की वर नेते. मधे हे सगळं चालवणारा आर्डुइनो उनो बोर्ड आहे. समोरच्या डिस्प्लेवर सुरुवातीला `RAILWAY GATE` येतं, मग `GATE OPEN` किंवा `GATE CLOSED`.

कॉम्प्युटरच्या यूएसबीवर सगळं नीट चालतं. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी गोल जॅकला लावली की फाटक खाली यायला लागतं, अर्ध्यात डिस्प्ले मिणमिणतो, पुन्हा `RAILWAY GATE` येतं आणि फाटक वर जातं. म्हणजे गाडी रुळावर आणि फाटक उघडं! सर म्हणाले, असलं मॉडेल नेता येणार नाही, कारण परीक्षक पहिल्यांदा हेच बघतील. बॅटरी नवीन आहे, मीटरवर ९.३ दाखवते. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये प्रत्येक टेबलाला प्लग मिळेलच असं नाही, म्हणून बॅटरीवरच चालायला हवं. प्रोग्राममध्ये चूक आहे का?

निपाणीचा_अभी

प्रोग्राम सोड. ती चौकोनी बॅटरीच चुकीची आहे. ती घड्याळ, रिमोट, मीटर असल्या थोड्या विजेवर चालणाऱ्या वस्तूंसाठी असते. मोटर सुटताना एकदम जास्त करंट मागते, तो तिच्याने देववत नाही. सहा पेन्सिल सेलचा डबा घे, अल्कलाइन सेल टाक, काम संपलं. मी डिप्लोमाला असताना रोबोट याच कारणाने बंद पडायचा.

संकेश्वर_शेतकरी

आमच्या मळ्यातल्या गेटला पण मोटर बसवायची आहे, किती खर्च आला ते सांगावे. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की बोअरचा स्टार्टर खट्‌कन पडतो, परत बटण दाबावं लागतं. लाईनमनला सांगून थकलो. तुमच्याकडे पण व्होल्टेजचाच प्रॉब्लेम दिसतोय. स्टॅबिलायझर लावून बघा.

खानापूरची_नववी

काका, माझं फाटक पुठ्ठ्याचं आहे, वीतभर लांब. घरच्या लाईटवर चालत नाही, बॅटरीवर चालतं.

अभीदादा, बाबांनी बेळगावहून सहा सेलचा डबा आणला. आधीच्या बॅटरीची क्लिप काढून त्याच वायरींना डबा जोडला. फरक पडला. आता कधीकधी फाटक पूर्ण खाली येतं. पण गाडी दोनतीनदा फिरवली की पुन्हा तेच.

निपाणीचा_अभी

मग सेल स्वस्तातले दिले असतील. नाहीतर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव सर्वोच्या जवळ.

सुजाता_शहापूर

मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये काम करते. कपॅसिटरने एखादा झटका झाकला जाईल, पण आधी दोष कुठे आहे ते कळू दे.

डिस्प्लेवर `RAILWAY GATE` पुन्हा येतं, म्हणजे बोर्ड खरोखरच नव्याने सुरू होतोय, फाटकाचा प्रोग्राम नुसता अडकत नाहीये. ही खूण फार उपयोगी आहे. उनोवरच्या चिपला मिळणारे ५ व्होल्ट जवळजवळ २.७ पर्यंत घसरले की ती स्वतःला थांबवते आणि वीज परत आली की पहिल्या ओळीपासून सुरू करते. त्याच्या आधी डिस्प्ले मंद होतो, तेच तुला दिसतंय.

एक कर. सर्वोची फक्त लाल वायर काढ आणि सेलवरच गाडी फिरव. फाटक हलणार नाही, पण डिस्प्लेवर `GATE CLOSED`, `GATE OPEN` आलटून पालटून येत राहिलं आणि `RAILWAY GATE` परत आलं नाही, तर प्रोग्राम आणि सेन्सर दोन्ही ठीक. तपासताना कॉम्प्युटरची केबल मात्र लावू नकोस. बॅटरीकडून व्होल्टेज कमी पडलं की उनो यूएसबीवरून वीज घेतो, आणि दोष झाकला जातो.

खानापूरची_नववी

ताई, केलं. लाल वायर काढल्यावर एकदाही `RAILWAY GATE` आलं नाही. मी गाडी खूप वेळ फिरवली. पण सेलच्या डब्यावर मीटर लावलं तर ९.२ आणि बोर्डाच्या जॅकपाशी लावलं तरी ९.२. मग वीज कमी कुठे पडते?

सुजाता_शहापूर

मोटर बंद असताना मोजलंस ना? त्या वेळी वायरीतून जेमतेम करंट जातो, म्हणून दोन्हीकडे सारखंच दिसणार. फाटक खाली येतानाच मोजायला हवं, पण सर्वोचा ओढा क्षणभराचा असतो आणि साधं मीटर तेवढ्यात आकडा पकडत नाही. घरात वायरिंगमधलं कुणी माहीतगार आहे का?

खानापूरची_नववी

माझे मामा नंदगडला ट्रॅक्टर आणि जीपचं वायरिंग करतात. त्यांना आर्डुइनो माहीत नाही. रविवारी येणार आहेत.

सुजाता_शहापूर

आर्डुइनो माहीत नसलं तरी चालेल. येताना टेस्ट बल्ब आणा म्हणावं.

खानापूरची_नववी

मामा येऊन गेले. दोष सापडला! सगळं लिहिते, कारण हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

आल्या आल्या म्हणाले, "काय करूलीस गं? दाखव बघू." मी फाटक चालवून दाखवलं. डिस्प्ले मिणमिणला तसे म्हणाले, "हेडलाइट लावल्यावर हॉर्न बसतो, त्यातलाच प्रकार." मी प्रोग्राम उघडून दाखवत होते, पण त्यांनी तिकडे बघितलंच नाही. बोर्डाचा जॅक उपसला आणि त्याच्या जागी १२ व्होल्ट ५ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडला. म्हणाले, तुझी मोटर क्षणभर ओढते, हा बल्ब ओढतच राहतो, आता मीटर आरामात बघ.

बल्ब पिवळट लागला. तोच बल्ब सरळ सेलच्या डब्याला टेकवला तर चांगला उजळ. इथेच बाबासुद्धा उठून जवळ आले.

मग बल्ब पुन्हा वायरीच्या टोकाला लावून मामांनी मीटर धरलं. डब्यावर ८.८, बल्बपाशी ६.६. मधले २.२ व्होल्ट वायरीतच जात होते. लाल आणि काळ्यापैकी दोषी कोणती हे शोधायची त्यांची पद्धत मला सगळ्यात आवडली. मीटरची एक पिन डब्याच्या निगेटिव्ह स्प्रिंगवर, दुसरी काळ्या वायरीच्या पार शेवटच्या टोकावर. मी म्हटलं, मामा, दोन्हीकडे निगेटिव्हच आहे, मीटर काय दाखवणार? ते म्हणाले, "वायर चांगली असंल तर काहीच दाखवू नये." मीटरने १.९ दाखवलं. लाल वायरीवर तसंच केलं तर ०.३.

मग काळ्या वायरीवरून पिन पुढे पुढे सरकवत नेली. बॅटरी मॉडेलमधल्या डोंगराच्या पोकळीत लपवायची म्हणून मैत्रिणीच्या दादाने तिथे वायर वाढवून दिली होती. त्या जोडाच्या अलीकडे मीटर जवळजवळ शून्य, जोडाच्या पलीकडे लगेच १.८. चिकटपट्टी सोडवली तर आतली तांब्याची तार काळी पडलेली आणि पीळ सैल. नुसत्या चिकटपट्टीने धरून ठेवलं होतं. बोटाने हलवलं की बल्ब कमीजास्त व्हायचा. म्हणूनच कधी फाटक पूर्ण खाली यायचं, कधी नाही.

मामांनी काळी पडलेली तार कापून टाकली, नवी तार घासून पीळ दिला, सोल्डरिंग केलं. लाल जोडही तसाच केला. वायर आखूड केली आणि डब्याशेजारी बांधून टाकली, म्हणजे मॉडेल उचलताना जोडावर ताण येणार नाही. त्यानंतर बल्ब लावून डब्यावर ८.८ आणि टोकाला ८.७. संध्याकाळभर फाटक चालवलं, `RAILWAY GATE` एकदाही परत आलं नाही.

संकेश्वर_शेतकरी

शाब्बास बाळ. बोअरच्या स्टार्टरपर्यंतच्या माझ्या केबललाही दोन जोड आहेत. ते असंच बघता येईल का?

सुजाता_शहापूर

काका, तिथे मीटर घेऊन तुम्ही स्वतः मुळीच जाऊ नका. ती थ्री फेज लाईन आहे. वायरमनला बोलवा, त्यांना जोड तपासायला सांगा.

खानापूरच्या मुली, मामांना माझा नमस्कार सांग. आता एक उरलंय. फाटक खाली येताना डिस्प्ले अजूनही किंचित मंद होतो का?

खानापूरची_नववी

हो ताई, अगदी थोडा.

सुजाता_शहापूर

सर्वोला बोर्डाच्या `5V` पिनवरून वीज देते आहेस, त्यामुळे तेवढं राहणारच. मी असते तर सर्वोला चार सेलचा वेगळा डबा दिला असता आणि दोन्ही डब्यांचे निगेटिव्ह एकत्र जोडले असते. ते एकत्र नसतील तर बोर्डाचा इशारा सर्वोला कळत नाही, फाटक नुसतं थरथरतं.

खानापूरची_नववी

मामा म्हणतात, चालतंय त्याला प्रदर्शनाच्या तोंडावर हात लावू नको. आणखी वायर म्हणजे आणखी जोड.

निपाणीचा_अभी

मामांचं पटतंय मला. पण सेल नवे घेऊन जा.

सुजाता_शहापूर

दोन दिवसांवर आलंय, तेव्हा तेही बरोबर आहे. मग एवढं लक्षात ठेव: बोर्डाच्या जागी मामांसारखा बल्ब लावून मोजल्यावर टोकाला ७ व्होल्टच्या आसपास राहिले की सेल बदलायचे. बोर्डाला आतले ५ व्होल्ट तयार करायला त्याच्या वर थोडं जास्त लागतं. सेल उतरले की जोड कितीही चांगला असला तरी तुला तीच खूण पुन्हा दिसेल.

खानापूरची_नववी

लिहून ठेवलं. परीक्षक कन्नडमध्ये विचारतात म्हणून सरांनी मॉडेलची माहिती कन्नडमध्येही बसवून घेतलीय.

एक शंका अजून आहे. स्विच चालू केल्या केल्या फाटक एकदा झटका देतं, मग वर जातं. हे रीसेट नाही, सुरुवातीलाच होतं.

सुजाता_शहापूर

प्रोग्राममध्ये सर्वो जोडायच्या आधी त्याची जागा सांगून बघ:

```
gate.write(90);
gate.attach(9);
```

९० च्या जागी तुझ्या उघड्या फाटकाचा कोन आणि ९ च्या जागी तुझी पिन. याने झटका बराच कमी होतो. पूर्ण जाईल असं नाही, काही सर्वो वीज मिळताच स्वतःहून थोडे हलतात. बदल करण्याआधी आत्ताचा प्रोग्राम दुसऱ्या नावाने जपून ठेव.

खानापूरची_नववी

आज रात्री करून बघते. तोपर्यंत स्विच टाकताना फाटकाला बोटाने हलकेच धरलं तर चालेल का?

निपाणीचा_अभी

नको. अडवलेली मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. झटका देऊ दे.