मदत हवी आहे: अलाइनमेंट बदलली की कलर मॅपच बदलतो

डाय-कास्ट ब्रॅकेटचा स्कॅन कॅडवर बेस्ट-फिटने बसवला की जवळजवळ सगळा पार्ट हिरवा दिसतो, फक्त टोकांना ०.१५ मिमीपर्यंत पिवळट-निळी छटा. पण फिक्स्चरवर लांबच्या कानाचं भोक पिनवर जातच नाही. ड्रॉइंगमधल्या डेटमवर अलाइन केलं, तर तोच कान लालभडक, +०.४ मिमी! बेस्ट-फिट चूक सगळीकडे वाटून टाकतो, हे कळतं.

पण डेटम ए चा फेस जेमतेम ३० मिमी रुंद, मशिनिंग न केलेला, आणि कान त्यापासून १२० मिमी अंतरावर. फेसवर ०.१ मिमीचा तिरकेपणा आला तरी कानाशी तो चौपट होतो. मग हे ०.४ खरं वाकणं समजू, की अलाइनमेंटची चूक? अशा फेसवर तुम्ही प्लेन सरासरीने बसवता, की उंच बिंदूंवर टेकवता?