शब्दचर्चा: ‘इमॅजिनरी ऑडियन्स’ला मराठीत काय म्हणायचं?

सायली_प
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेतल्या समुपदेशक ताई सातवी ते नववीच्या मुलांच्या पालकांसाठी छोटी पुस्तिका काढतायत, तिचं मराठी माझ्याकडे आलंय. बाकी सगळं जमलं, ‘इमॅजिनरी ऑडियन्स’पाशी अडलेय. अर्थ असा की या वयात मुलांना सारखं वाटत राहतं की आजूबाजूचे सगळे आपल्याकडेच बघतायत, आपले केस, पिंपल्स, बूट, चालणं सगळं टिपतायत आणि मनातल्या मनात नावं ठेवतायत. मी ‘काल्पनिक प्रेक्षक’ असं लिहिलं आणि एका पालकांना वाचून दाखवलं तर त्यांनी विचारलं, म्हणजे मुलाला नसलेली माणसं दिसतात का? असा अर्थ लागत असेल तर तो शब्द छापणं बरोबर नाही. दुसरं काही सुचतंय का?

आबा_वाईकर
अहो यासाठी नवा शब्द कशाला पाडायचा, आपल्याकडे आधीपासून आहे. चोराच्या मनात चांदणं! नाहीतर सरळ ‘लोक काय म्हणतील’ लिहा, प्रत्येक घरात कळेल.

शाईची_दौत
मला वाटतं न्यूनगंड. स्वतःला कमी लेखतो म्हणून चारचौघांत जायला नको वाटतं.

वैदेही_मानस
सायली, मी हा विषय कॉलेजात शिकवते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही कल्पना डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, 1967 सालच्या त्याच्या एका लेखातली, आणि त्यामागे मुलांची विचारशक्ती कशी वाढते याचा अभ्यास करणाऱ्या स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेचा विचार आहे. साधारण अकरा-बारा वर्षांचं झालं की मुलाला एक नवी गोष्ट यायला लागते, ती म्हणजे समोरचा काय विचार करत असेल याचा विचार करणं. सहा वर्षांचं पोर शर्टाला आमरस लागलेला असला तरी खुशाल पाहुण्यांसमोर नाचतं कारण पाहुण्यांच्या मनात काय चाललंय हे त्याच्या डोक्यातच येत नाही. तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात ते येतं. पण नेमकं त्याच वेळी शरीर बदलत असतं, मिसरूड फुटतं, छाती भरते, आवाज घोगरा होतो, त्यामुळे त्याचं स्वतःचं सगळं लक्ष स्वतःवर असतं, आणि मग गफलत अशी होते की माझ्या डोक्यात जे चाललंय तेच सगळ्यांच्या डोक्यात चाललं असणार असं त्याला वाटतं. म्हणजे दुसऱ्याला मन आहे हे कळलं, पण त्या मनात दुसरं काहीतरी असू शकतं हे अजून पक्कं कळलेलं नाही.

आता आबांच्या म्हणीबद्दल. चोराच्या मनात चांदणं असायला आधी चोरी लागते हो आबा. इथे मुलाने काहीच केलेलं नसतं, फक्त नाकावर पुटकुळी आलेली असते. ‘लोक काय म्हणतील’ही जवळचं वाटतं पण ते बहुतेक वेळा आईवडीलच म्हणतात आणि त्यातले लोक म्हणजे गल्ली, भावकी, समाज, तिथे प्रश्न वागण्याचा आणि घराण्याच्या नावाचा असतो. इथे प्रश्न आत्ता या क्षणी माझ्यावर खिळलेल्या नजरांचा आहे.

आणि न्यूनगंड तर नाहीच, कारण हे प्रेक्षक नेहमी हिणवणारे नसतात. स्वतःवर खूश असलेला मुलगा गॅदरिंगच्या दिवशी तासभर आरशासमोर भांग पाडतो तेव्हा हॉलमध्ये शिरल्यावर सगळ्यांचे डोळे कसे विस्फारतील हे तो मनात बघत असतो. तेही तेच प्रेक्षक. मुलं-मुली एकत्र जमली की काय होतं हे एल्काइंडने फार छान टिपलंय, प्रत्येकाचं चित्त आपण कसे दिसतोय यावर, दुसऱ्याकडे बघायला कुणीच मोकळं नसतं. प्रत्येक जण स्वतःपुरता नट आणि बाकीच्यांसाठी प्रेक्षक.

आबा_वाईकर
वैदेहीताई, म्हणीचं पटलं. पण ‘चारचौघांत’ हा शब्द सोडू नका, त्यात नजर आहे. चारचौघांत हसू होणं, चारचौघांत मान खाली जाणं, यातले चौघे कोण ते कुणी सांगू शकत नाही पण असतात.

प्रशांत_नगर
माझा प्रश्न वेगळा आहे पण इथेच विचारतो. मुलगा नववीत आहे, आवाज फुटतोय, मराठीच्या तासाला धडा वाचायला उभं केलं की मधेच आवाज चिरकतो म्हणून त्या वाराला पोटात दुखतं म्हणून घरी राहतो. आम्ही त्याला सांगतो अरे कुणाचं लक्ष नसतं, तर आणखी चिडतो. हा आजार आहे का आणि डॉक्टरकडे न्यायचं का?

वैदेही_मानस
प्रशांतजी, नजरा आपल्यावर आहेत असं वाटणं हा आजार नाही, पण शाळा बुडणं महत्त्वाचं आहे. एखाद-दुसरा तास टळला तर थांबून बघता येईल. तो नियमाने शाळा टाळत असेल, मित्रही सोडले असतील, महिनोन् महिने तेच चाललं असेल तर समुपदेशकाला नक्की दाखवा, कारण ती नुसत्या वयाची गोष्ट राहत नाही, चिंतेचा त्रास असू शकतो. खरंच पोट दुखत असेल तर तेही साध्या डॉक्टरला दाखवून घ्या. आणि ‘कुणाचं लक्ष नसतं’ हे वाक्य सोडून द्या. चिरकलेला आवाज वर्गाने ऐकलेला असतो, त्यामुळे तुम्ही खोटं बोलताय असं त्याला वाटतं. किती जणांनी ऐकलं, कोण हसलं, मधल्या सुट्टीपर्यंत कुणाच्या लक्षात राहिलं, असं एक एक विचारलंत तर तो स्वतःच मोजायला लागेल. मराठीच्या बाईंशी बोलून थोडे दिवस मोठ्याने वाचनातून सूट मिळाली तरी चालेल, पण कायमची नको.

सायली_प
प्रशांतजींच्या मुलामुळे आणखी एक लक्षात आलं, इथे बघणारे नाहीत, ऐकणारे आहेत. ‘प्रेक्षक’ म्हटलं की फक्त डोळे येतात.

गुरुजी_खटाव
मी हायस्कूलला आठवीचा वर्गशिक्षक आहे. यंदाच सुट्टीनंतर एका मुलाचे वडिलांनी एकदम बारीक केस कापून आणले. पोरगा पहिले दोन तास कान दुखतो म्हणून मफलर गुंडाळून बसला, जून महिन्यात. बाजूला घेतलं तर म्हणाला सर सगळा वर्ग माझ्याकडेच बघतोय. मी मागे उभं राहून पाच-सात मिनिटं वर्ग बघितला, निम्मी पोरं खिडकीबाहेर, दोघं वहीत क्रिकेटची टीम लिहितायत, एकच मुलगा याच्याकडे बघत होता. तिसऱ्या तासाला मफलर काढला. संध्याकाळी सहज चार-पाच जणांना विचारलं की याच्यात काय बदललं, तर दोघांना सांगता आलं नाही. पण ज्या एकाने बघितलं त्याने ‘गोटा’ असं नाव ठेवलं आणि ते नाव आठवडाभर टिकलं. आता सांगा, याचे प्रेक्षक काल्पनिक होते का?

वैदेही_मानस
गुरुजी, इथेच ही चर्चा संशोधनातही अडलेली आहे. एल्काइंड आणि बोवेन यांनी 1979 मध्ये हे मोजायला प्रश्नावली केली, त्यातला एक प्रसंग असा की खूप वाट बघितलेल्या पार्टीला तू तासभर गाडीने आलास आणि पोचल्यावर पँटवर तेलकट डाग दिसला, दुसरे कपडे मिळणार नाहीत, तर काय करशील? घरी जाशील, अवघडून थांबशील, का डागाचं काहीच वाटणार नाही? चौथी, सहावी, आठवी आणि बारावीच्या मुलांना विचारलं तेव्हा लोकांसमोर यायला सगळ्यात नाखूश आठवीतली मुलं निघाली, तुमच्याच वर्गाच्या वयाची.

पण यात मेख आहे. डाग लोकांना दिसेल असं वाटणं ही चूक आहे असं कशावरून? डाग खराच आहे. बेल आणि ब्रॉमनिक या संशोधकांनी 2003 मध्ये मुलांचंच म्हणणं नीट ऐकून घेतलं तर मुलांनी सांगितलं की आम्ही काळजी करतो कारण नावं ठेवली जातात, ग्रुपमधून काढलं जातं, हे खरंच घडतं. तुमच्या मुलाला ‘गोटा’ मिळालाच की.

म्हणजे दोन्ही आहे. वर्गातली पन्नास पोरं खरी, त्यातला एक बघणारा खरा. पन्नासही जण बघतायत हे मनाचं. 2000 साली गिलोविच आणि सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात एक प्रयोग छापला, त्यात विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचा मोठा चेहरा छापलेला टीशर्ट घालायला लावला, जो घालायची त्या मुलांना लाजच वाटत होती, आणि मुलं बसलेल्या खोलीत पाठवला. त्याला वाटलं निम्म्यांच्या लक्षात आलं असेल, प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्यानेच तो चेहरा ओळखला होता. निम्मे नाहीत, पण शून्यही नाहीत. आणि हे कॉलेजवयाचे, म्हणजे मोठ्यांचंही हे पूर्ण सुटत नाही.

मुक्ताई९
मी बारावीत आहे आणि मला बोलायचंय. तुम्ही सगळे वर्ग म्हणताय पण आमचा वर्ग शाळा सुटली तरी सुटत नाही. स्टोरी टाकली की कुणी कुणी बघितली त्यांची नावंच दिसतात, लाईक न करता बघितलं तेही कळतं. एकीने बघून काहीच बोलली नाही तर ती काय म्हणाली असेल हे मी रात्रभर लिहिते मनात. बघणारी खरी, तिचं म्हणणं मी लिहिलेलं. आठवीत होते त्यापेक्षा आता कमी होतं पण होतं. ‘काल्पनिक’ म्हणालात की असं वाटतं तुम्ही म्हणताय की मी उगाच करते.

शाईची_दौत
मुक्ताईच्या म्हणण्यावरून सुचलं, ‘मनातले प्रेक्षक’. नाटक मनात चालू आहे हे कळतं आणि भूतबित आठवत नाही.

आबा_वाईकर
चांगलं आहे. पण मनातले म्हटलं की बाहेर कुणीच नाही असंही होतं ना, मग गुरुजींचा गोट्या कुठे बसवायचा? मी म्हणतो ‘मानलेले प्रेक्षक’. मानलेला भाऊ खरा माणूस असतो, नातं आपण मानलेलं असतं.

वैदेही_मानस
आबा, हे अर्थाला फार जवळ गेलं. अडचण एवढीच की मानलेल्या भावात जिव्हाळा आहे, इथे धाक आहे. पाठ्यपुस्तकात ‘काल्पनिक प्रेक्षक’ राहू दे, परीक्षेला तोच लिहावा लागेल. पालकांच्या पुस्तिकेत नाम हवंच असं नाही, क्रियापदाने काम होईल.

सायली_प
मग आत्ता असं लिहितेय, बघा: “या वयात मुलांना वाटतं की सगळ्यांचं लक्ष आपल्यावरच आहे. माणसं खरी असतात, एखाद-दुसऱ्याचं लक्षही खरं असतं, बाकीच्यांचं मूल मनाने धरून चालतं.” मथळ्याला ‘मनातले प्रेक्षक’ ठेवलंय. मुक्ताई, तुला हे वाचून उगाच करतेस असं वाटतंय का ते सांग, त्याप्रमाणे बदलते.

मुक्ताई९
खालचं ठीक आहे. मथळा अजून खटकतोय.

गुरुजी_खटाव
‘सगळे माझ्याकडेच बघतायत’ हाच मथळा द्या की. आमची पोरं याच शब्दांत सांगतात.

प्रशांत_नगर
पुस्तिका छापली की मला एक प्रत मिळेल का? बाईंना भेटलो आज, पुढचे दोन आठवडे त्याला फळ्यावर लिहायचं काम देणार आहेत.