विषय: सांगलीची सॅलरी स्लिप आणि दोन पाळणाघरांचे दर

अश्विनी:
नमस्कार मंडळी,
माझी धाकटी बहीण सांगलीत विश्रामबागला राहते आणि कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. बाळ सव्वा वर्षाचं. सासूबाईंचे गुडघे धरलेत, म्हणून तिनं नोकरी सोडावी असं घरात चाललंय. स्लिपवर एकूण पगार 38,000, त्यात बेसिक 19,000. पीएफ 2,280 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 कापून हातात 35,520. घराजवळचं पाळणाघर महिना 6,500 मागतंय, कंपनीजवळचं 8,000. पेट्रोल आणि वरकामाची बाई मिळून 5,000. मेहुणे म्हणतात, "खर्च वजा जाता बावीस-चोवीस हजार उरणार, तेवढ्यासाठी पोराला परक्याकडे कशाला ठेवायचं?" तुम्ही हा हिशोब कसा मांडाल?

मंदार:
बावीससुद्धा उरणार नाहीत. आम्ही इथे अमेरिकेत हे गणित केलंय. नवरा-बायकोचं रिटर्न एकत्र, त्यामुळे बायकोच्या पहिल्या डॉलरवरच माझ्या वरच्या स्लॅबचा कर बसतो. मेहुण्यांचा स्लॅब विचारून घ्या आणि त्या दराने कर वजा करा.

वैशाली:
अश्विनी, पाळणाघर बघताना आधी स्वच्छतागृह बघायला सांग. साताऱ्यात माझ्या वहिनीला खासगी शाळेत 14,000 मिळायचे. पाळणाघर 5,000, रिक्षा 2,500, शिवाय दर महिन्याला डॉक्टर. तिनं सोडली नोकरी, आणि बरंच झालं.

सुधीरकाका:
मंदार, तू म्हणतोस ते तुझ्या देशात खरं. भारतात नवरा-बायकोचा कर वेगवेगळा. मुलीचं वर्षाचं उत्पन्न 4,56,000, म्हणजे नव्या करप्रणालीत तिला कर शून्य. नवऱ्याचा स्लॅब कोणताही असो, तिच्या पगाराला त्याची झळ नाही.

आता दर. घराजवळचं पाळणाघर किती वाजता बंद होतं ते अश्विनीकडून फोनवर विचारून घेतलं: साडेपाचला. पुढे प्रत्येक अर्ध्या तासाला 50 रुपये. मुलगी सहाला सुटून पावणेसातला पोचते, म्हणजे रोजचे तीन अर्धे तास, 150 रुपये. पंचवीस दिवसांचे 3,750. म्हणजे 6,500 चं पाळणाघर पडलं 10,250 ला, आणि शनिवारी ते एकलाच बंद. कंपनीजवळचं सातपर्यंत उघडं असतं, तेच स्वस्त. तेव्हा 35,520 मधून 8,000 आणि 5,000 गेले, उरले 22,520.

पण मेहुणे इथेच थांबले. कापलेला पीएफ कुठे जात नाही, तो तिचाच. कंपनीही तितकीच रक्कम भरते, ती हातात येणाऱ्या पगारात दिसत नाही. दोन्ही मिळून 4,560. म्हणजे घरी बसण्याची किंमत आज महिना 27,080.

शिवाय नोकरीला सव्वाचार वर्षं झालीत. आणखी नऊ महिने राहिली तर पाच वर्षं भरून ग्रॅच्युइटी लागू होते: 19,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 5, साधारण 54,800 रुपये. आत्ता राजीनामा दिला तर यातलं काही धरून चालू नका. बाळंतपणाची रजा सेवेतच मोजली जाते, त्यामुळे ती वजा करून घाबरू नये.

मोठी रक्कम मात्र परत येतानाची. वर्षाला आठ टक्के वाढ धरली तर तीन वर्षांनी पगार 47,900 च्या आसपास जाईल. तीन वर्षांच्या खंडानंतर 35,000 वर घेतलं, तर दरमहा सुमारे 12,900 चा फरक, आणि तो पुढची काही वर्षं मागे लागतो. हे दोन्ही आकडे माझा अंदाज आहेत. कंपनीत खंड पडून परत आलेल्या बायकांना काय मिळालं ते विचारून खरे भरा.

वैशाली, तुझ्या वहिनीचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. 14,000 मध्ये उरत होतं काय? पण तिचं गणित 38,000 ला लावू नकोस. आणि कंपनीत पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर 2017 पासून कायद्याने पाळणाघराची सोय कंपनीने करायची आहे. एचआरला लेखी विचारलंय का?

मंदार:
कराचं मान्य, चुकलं माझं. पण बाळ आजारी पडलं की सुट्ट्या कोणी घ्यायच्या? बिनपगारी रजा तुमच्या गणितात नाही.

सुधीरकाका:
नाही खरी. एक बिनपगारी दिवस तिला साधारण 1,400 ला पडेल. पाळणाघरात पहिल्या वर्षी पोरं आजारी पडतात, पण किती दिवस ते मी कसं सांगू?

वैशाली:
एक विचारते. मेहुण्यांची स्लिप कुठाय? राजीनामा द्यायचाच तर दोघांच्या मांडून बघा ना, ज्याचा कमी जातो त्याने द्यावा.

अश्विनी:
बहिणीने एचआरला मेल केलाय. तिथे साठेक माणसं आहेत. ग्रॅच्युइटीचं ऐकून मेहुणे नऊ महिने थांबायला तयार झाले. त्यांची स्लिप मागितली तर म्हणाले, "माझी कशाला?" अजून आलेली नाही.