सलूनच्या गाळ्याचं भाडं कमी आणि करार लांब, दोन्ही एकाच पत्रात मागावं का?

तीन खुर्च्या, मानेवाडा
गाळा १८० चौरस फूट, भाडं १८,०००, डिपॉझिट १ लाख. चार वर्षं झाली, दर अकरा महिन्यांनी नवा करार होतो अन् दर वेळी भाडं वाढतं. हा करार सप्टेंबरअखेर संपतो. मालकांना द्यायला पत्र लिहिलं आहे: "आदरणीय काकाजी, धंदा मंदा आहे, लाईटबिल वाढलं, मुलीची फी भरायची आहे. कृपया भाडं १४,००० करावं आणि करार दहा वर्षांचा करावा." असंच देऊ का?

दोन गाळ्यांचा मालक, प्रतापनगर
मी तुमचा काकाजी असतो तर हे पत्र घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकलं असतं. तुमच्या मुलीच्या फीचा आणि माझ्या गाळ्याचा काय संबंध? आणि दहा वर्षं वाचल्यावर पहिला विचार हाच येतो की हा माणूस आता बसायला बघतो आहे. महालातल्या आमच्या जुन्या घराच्या खालचा भाडेकरू वडिलांच्या काळापासून ४०० रुपये देतो. ते बघत मोठा झालोय मी. वरून सलून म्हणजे केस. माझ्याकडे एक होतं, दर तीन-चार महिन्यांनी चेंबर उघडून केसांचे गोळे काढावे लागायचे, आणि बोलणी वरच्या मजल्यावरच्यांची मी खायचो.

बाप्पा_इतवारी
काऊन एवढं हातापाया पडून राहिले भाऊ? कायद्यात वर्षाला ४ टक्क्यांच्या वर भाडं वाढवताच येत नाही. तुमचं दर अकरा महिन्याला वाढून राहिलं ना? पत्र नका देऊ, वकिलाची नोटीस द्या.

दस्त करणारा
बाप्पा, ४ टक्के खरे आहेत, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहेत, पण ते भाडेकरूसाठी. यांचा अकरा महिन्यांचा कागद बहुतेक लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे नुसत्या जागा वापरायच्या परवानगीचा असणार. त्यात वाढ किती हे करारात लिहिलंय तेच. नोटीस दिली तर सप्टेंबरनंतर काकाजी नवा करारच करणार नाहीत, आणि मग ४ टक्के कशावर मोजायचे?

प्रतापनगरच्या साहेबांची भीती मात्र खोटी नाही. राहत्या घराचा लायसन्सधारक मुदत संपूनही निघाला नाही तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची जलद वाट आहे. दुकानाला ती वाट नाही, सरळ कोर्टात जावं लागतं. म्हणून गाळेमालक मुदतीला घाबरतो. पत्र लिहिताना ही भीती समोर ठेवून लिहा, स्वतःची अडचण नव्हे.

मी असतो तर दहा वर्षं खोडून ६० महिने लिहिले असते. लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क तिथपर्यंतच स्वस्त आहे, ०.२५ टक्के. त्यापुढे तो कागद भाडेपट्ट्यासारखा धरतात. भाडं पहिली दोन वर्षं १६,०००, मग दरवर्षी ५ टक्के वाढ. म्हणजे पाचव्या वर्षी १८,५२२, आजच्यापेक्षा जास्तच. पाच वर्षांची बेरीज १० लाख १९ हजार, त्यात डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज ५० हजार मिळवा, त्यावर मुद्रांक २,७०० च्या आत आणि नोंदणी १,०००. दर अकरा महिन्यांनी जो खर्च आणि चकरा होतात त्या एकदाच.

आणि पत्रात काकाजींचा हिशोब त्यांच्या बाजूने मांडा. २,००० कमी केले तर वर्षाला २४,००० जातात. तुम्ही निघालात, गाळा दोन महिने रिकामा राहिला आणि दलालाला एक महिन्याचं भाडं दिलं, तर ५४,००० गेले. दोन वर्षांच्या सवलतीपेक्षा जास्त.

दोन गाळ्यांचा मालक, प्रतापनगर
गाळा दोन महिने रिकामा राहतो हे कोणी ठरवलं? माझा मागचा पंधरा दिवसांत गेला. हा हिशोब तुम्ही मला दाखवला असता तर मी म्हणालो असतो, जा मग. दुसरं, मालकाचे त्याच ओळीत चार गाळे असतील तर एकाला २,००० कमी केले की उद्या चौघं दारात. त्यापेक्षा भाडं १८,००० च राहू द्या आणि पहिले दोन महिने माफ मागा. कागदावर आकडा तोच राहतो, मालकाची मान खाली जात नाही.

दस्त करणारा
हे मान्य. रिकाम्या गाळ्यांची गोष्ट रस्त्या-रस्त्यावर बदलते. मानेवाडा रोडवर चालत जा, "भाड्याने देणे"च्या पाट्या मोजा, आत जाऊन भाव विचारा. तीन पाट्या १५-१६ हजारांच्या निघाल्या तर माझा हिशोब लिहा, एकही नसेल तर साहेबांचा मार्ग धरा. फक्त दोन महिने माफ म्हणजे ३६,०००, आणि माझ्या हिशोबात पहिल्या दोन वर्षांतच ४८,००० वाचतात.

पार्लरवाली ताई, गोकुळपेठ
भाडं कमी करून घेतलं म्हणून मी पण खुश होते. माझंही लिव्ह अँड लायसन्सच, तीन वर्षांचं, रजिस्टर केलेलं. बेसिनची लाईन, टाइल्स, वायरिंग, सव्वादोन लाख घातले. दुसऱ्या वर्षी मालकांनी गाळा विकला. नवीन मालक आले, म्हणाले तुमचा करार त्यांच्याशी होता, माझ्याशी नाही. खुर्च्या-आरसे उचलून आणता आले, टाइल्स कशा आणणार? दादा, पाच वर्षं मागताना हे विचारा.

दस्त करणारा
ताई म्हणतात ते बरोबर आहे. मालकाने मालमत्ता विकली की घेणारा लायसन्सला बांधील नसतो. रजिस्टर केलं तरी. भाडेपट्टा असता तर बांधील असता, पण पट्टा केला की भाडेकरू कायद्याखाली येतो. काकाजी तो करणारच नाहीत. वर पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याचं मुद्रांक गाळ्याच्या बाजारमूल्याच्या १० टक्क्यांवर लागतं, ३० लाखांच्या गाळ्याला वीस हजारांच्या आसपास. मधला उपाय एवढाच की करारात लिहून घ्या: मुदतीत गाळा विकला तर बेसिन, टाइल्स, वायरिंगचा खर्च वर्षागणिक कमी होत जाणाऱ्या हिशोबाने मालक परत देईल. बिलं सोबत जोडायची.

दोन गाळ्यांचा मालक, प्रतापनगर
हे कलम मी सही करणार नाही. टाइल्स माझ्यासाठी लावल्या का?

बाप्पा_इतवारी
मग ३६ महिने लॉक-इन तुम्ही पण लिहा ना जी. भाडेकरूनं सोडायचं नाही अन् मालकानं काढायचं नाही. एकाच बाजूनं काऊन?

दोन गाळ्यांचा मालक, प्रतापनगर
दोन्ही बाजूंनी असेल तर विचार करेन. विक्रीचं वेगळं.

तीन खुर्च्या, मानेवाडा
सगळ्यांचे आभार. मुलीची फी खोडली, लाईटबिल पण. काल रोडवर फिरलो, मारुती मंदिराच्या अलीकडे दोन पाट्या दिसल्या, एक १६,००० अन् एक १७,५०० म्हणाला, पण तो मागे गल्लीत आहे. साहेब, चेंबरचं तुम्ही म्हणालात ते डोक्यात राहिलं. आमच्याकडेही गेल्या उन्हाळ्यात तुंबला होता, काकाजींनी प्लंबरचे पैसे स्वतः दिले अन् एक शब्द बोलले नाहीत. पत्रात लिहू का, बेसिनखाली जाळी मी लावीन आणि दर तीन महिन्यांनी चेंबर माझ्या खर्चाने साफ?

दोन गाळ्यांचा मालक, प्रतापनगर
ते पहिलं वाक्य करा. पैशाचं खाली. आणि पत्र नुसतं देऊन येऊ नका, सप्टेंबर उजाडायच्या आधी घरी जा, चहा घ्या. पितृपक्षात खुर्च्या रिकाम्या असतात तेव्हा गेलात तर तो तुम्हाला पडलेला समजेल.

तीन खुर्च्या, मानेवाडा
ठीक. १६ लिहू की १५ लिहून १६ वर येऊ?

बाप्पा_इतवारी
१५!

दस्त करणारा
१६, आणि खाली दोन पाट्यांचे भाव.