मी विचारलं आणि त्याच तासात नकार आला. घाई नडली का?

अर्धविराम (धागाकर्ती)
नोकरीच्या मुलाखतीच्या शेवटच्या फेरीनंतर "सोमवारपर्यंत कळवतो" म्हणाले होते. सोमवार गेला. मंगळवारी, 14 मे 2024 ला, सकाळी 11:12 ला मी मेल टाकला: निर्णय झाला का, मी अजून तितकीच उत्सुक आहे. सोबत "पहिल्या नव्वद दिवसांत मी काय करीन" याचा चार पानी आराखडा जोडला. 11:41 ला नकार आला, त्यात माझ्या मेलचा उल्लेखही नाही. घाई केली म्हणून पत्ता कटला का? आणि आता उत्तर द्यायचं की गप्प बसायचं?

कडू कारलं
एकोणतीस मिनिटं! याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. मेल उघडला, चार पानं बघितली, कपाळाला आठ्या घातल्या आणि नकाराचं बटण दाबलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, हे नोकरीच्या बाजारातही लागू आहे. ज्याला तुम्ही हव्या असता तो स्वतःहून फोन करतो. आपण विचारायला गेलो की आपली किंमत आपणच कमी करतो.

टेबलापलीकडची
कारलेसाहेब, मी चौदा वर्षं भरतीचंच काम करतेय. एकोणतीस मिनिटांत असा निर्णय होताना मी पाहिलेला नाही. निर्णय तीन-चार जणांचा असतो आणि त्या तीन-चार जणांना एका वेळी गाठणं हीच आमची अर्धी नोकरी.

अर्धविराम ताई, बहुतेक वेळा होतं ते असं. शेवटच्या फेरीतून एक नाव पक्कं होतं, त्याला ऑफर जाते. तो होकार देईपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या माणसांना आम्ही मुद्दाम काही कळवत नाही. पहिल्याने नाही म्हटलं तर यांच्याकडे जायचं असतं ना. पहिल्याचा होकार आला की यादीतल्या उरलेल्यांवर एकदम खुणा करायच्या आणि ठरलेला मजकूर सगळ्यांना पाठवायचा. हे काम आम्ही कधी करतो? शब्द दिलेली तारीख उलटली की, दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता तुमच्या बाजूने बघा. तुम्हीही तीच तारीख धरून बसला होता. सोमवार गेला, एक रात्र कशीबशी काढली, मंगळवारी सकाळी मेल. दोघांची घड्याळं एकाच "सोमवार"ला बांधलेली, मग मेल रस्त्यात एकमेकांना भेटणारच. दर भरतीत एक-दोन जणांचं तरी असं होतं.

कडू कारलं
म्हणजे सोमवारी निर्णय झालेला होता आणि उमेदवाराला झुलवत ठेवलं, हे तुम्हीच कबूल करताय.

टेबलापलीकडची
हो, कबूल आहे. मला ते आवडतं असं नाही.

पोस्टमन
मी मेल सर्व्हर सांभाळतो, तेव्हा अंदाजापेक्षा पुरावा बघू. अर्धविराम, तो नकाराचा मेल उघडून Show original किंवा View source असं काही सापडतंय का बघा. तिथल्या Date आणि Received या ओळींच्या फक्त वेळा इथे टाका, पत्ते नकोत. In-Reply-To नावाची ओळ आहे का तेही सांगा, एखाद्या मेलला उत्तर म्हणून पाठवलेल्या मेलमध्ये ती असते.

अर्धविराम
In-Reply-To नाही. बाकीच्या, दिसल्या त्याच क्रमाने:

```
Received: ...; Tue, 14 May 2024 06:11:37 +0000
Received: ...; Tue, 14 May 2024 05:30:05 +0000
Date: Tue, 14 May 2024 05:30:04 +0000
```

कडू कारलं
पहाटे साडेपाचला? भरतीवाले इतक्या लवकर उठतात होय!

पोस्टमन
साहेब, मागचं +0000 बघा. आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवायचे. मेल तयार झाला 11:00:04 ला आणि अर्धविराम यांच्या सर्व्हरने घेतला 11:41:37 ला. Received ओळी खालून वर वाचायच्या, जुनी ओळ खाली असते.

नकार 11:00 ला निघाला होता. यांचा मेल 11:12 चा, म्हणजे बारा मिनिटं नंतरचा. बरोबर अकराच्या ठोक्याला निघालेला मेल हाताने पाठवलेला असणं अवघड आहे. वेळ लावून ठेवलेला असावा. भरतीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये नकार लगेच न पाठवता काही तासांनी किंवा दिवसांनी जाईल अशी सोय असते, मुलाखत संपताच नकार आला असं वाटू नये म्हणून.

मधली एकेचाळीस मिनिटं कुठे गेली? काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा "आत्ता नाही, थोड्या वेळाने या" म्हणून परत लावतात. कचरा पाठवणारे सहसा दुसऱ्यांदा येत नाहीत, खरा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा दार वाजवतो. इथे तसंच झालं असावं, पण कारण दुसरंही असू शकतं. त्या ओळींवरून उशीर दिसतो, उशिराचं कारण दिसत नाही.

सांजवात
एक शंका. ती Date पाठवणाऱ्याच्याच मशीनने लिहिलेली ना? त्यांचं घड्याळ मागे असेल तर?

पोस्टमन
रास्त शंका आहे. ती Date आणि खालची Received या दोन्ही पाठवणाऱ्याच्या बाजूच्या. आपण डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी एकच ओळ, सगळ्यात वरची, कारण ती आपल्या सर्व्हरने लिहिली. पण मोठ्या सेवांच्या सर्व्हरचं घड्याळ सहसा सेकंदाच्या आतबाहेर असतं. एकेचाळीस मिनिटं चुकलेलं घड्याळ तिथे फार काळ टिकत नाही. कोर्टात उभा राहणार नाही मी यावर, पण पैज लावीन.

आणि In-Reply-To नसण्याला फार महत्त्व देऊ नका. समोरच्याने तुमचा मेल वाचला आणि मग सॉफ्टवेअरमध्ये जाऊन नकार दाबला, तरीही ती ओळ नसतेच. इथे निवाडा करतेय ती 11:00 ही वेळ.

नवा पदवीधर
मलाही असा विचारणा करणारा मेल लिहायचाय. कोणी नमुना देईल का? मुलाखत काल झाली.

टेबलापलीकडची
बाळा, काल झाली तर आज थांब. त्यांनी तारीख दिली असेल तर ती उलटून एक कामाचा दिवस जाऊ दे. मेल असा हवा की समोरच्याला एका ओळीत उत्तर देता यावं. पदाचं नाव, मुलाखतीची तारीख आणि "निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे?" बस.

अर्धविराम ताई, म्हणूनच तुमचं विचारणं मला चुकीचं वाटत नाही, तो आराखडा वाटतो. नुसता प्रश्न आला असता तर मी जागच्या जागी उत्तर दिलं असतं. चार पानं जोडलेली दिसली की ती वाचायला हवीत, विभागप्रमुखाकडे पाठवायला हवीत, म्हणून "नंतर बघू" या ढिगाऱ्यात जातात. उत्साह दाखवायला गेलात आणि स्वतःच्याच प्रश्नाचं उत्तर लांबवलंत.

दोन ओळी
माझं उलटं झालं होतं. मी विचारल्यावर वीसेक मिनिटांत नकार आला आणि तो खरोखरच माझ्या मेलमुळे आला! भरतीच्या बाईंनी नंतर फोनवर सांगितलं की निर्णय दहा दिवसांपूर्वीच झाला होता, कळवायचं राहून गेलं होतं. माझा मेल बघून त्यांनी यादी उघडली, माझं नाव अजून "प्रक्रियेत" दिसलं आणि लगेच बटण दाबलं. तेव्हा विचारण्याने नकार येऊ शकतो, पोस्टमनभाऊ.

पोस्टमन
अगदी. पण तुमच्या मेलने नकाराचं पत्र आणलं, नकार आणला नाही. तुम्ही विचारलं नसतं तर आणखी दहा दिवस वाट बघत बसला असता.

कडू कारलं
ठीक, 11:00 च्या वेळेपुढे माझं चालत नाही. पण दुसऱ्या प्रश्नावर मी ठाम आहे. उत्तर देऊ नका. साच्यातला मजकूर पाठवणाऱ्याला आभाराचं पत्र कशाला? "माझा आधीचा मेल दुर्लक्षित करावा" असं लिहिणं म्हणजे तर पडलेल्या जागी पुन्हा घसरणं.

टेबलापलीकडची
"दुर्लक्षित करावा" लिहू नका, इथे आपलं जमलं. नकार आल्यावर तो प्रश्न आपोआप मिटलाय. पण गप्पही बसू नका. पहिल्या माणसाने होकार दिला म्हणजे तो रुजू झाला असं नाही. शेवटच्या आठवड्यात जास्त पगाराच्या ऑफरकडे वळणारे मी ढिगाने पाहिलेत. तेव्हा पुन्हा सगळी भरती करायला कोणाला उत्साह नसतो, जुनीच यादी उघडतो आपण. दुसऱ्या क्रमांकाला फोन करताना मनात एकच भीती असते, हा आता चिडलेला असेल का. तीन ओळींचं साधं उत्तर ती भीती काढतं. फक्त पुनर्विचाराची विनंती नको आणि "मी कुठे कमी पडले" हा प्रश्न नको. त्याचं खरं उत्तर लेखी द्यायला कंपन्या बिचकतात, तुम्हाला गुळमुळीत काहीतरी मिळेल.

सांजवात
मला हे नाही पटत. कमी कुठे पडलो हे विचारण्याचा हक्क उमेदवाराला का नसावा? चार फेऱ्यांसाठी सुट्ट्या त्याने काढल्या आहेत.

टेबलापलीकडची
हक्क आहे. उत्तर मिळण्याची शक्यता कमी, एवढंच सांगतेय. फोनवर विचारा, लेखी नको. फोनवर माणसं जरा मोकळी बोलतात. तेही सगळी नाहीत.

अर्धविराम
पाठवला. "कळवल्याबद्दल आभार. आपले मेल एकाच तासात निघालेले दिसतात, त्यामुळे माझ्या प्रश्नाला वेगळ्या उत्तराची गरज नाही. पुढे या पदासाठी पुन्हा विचार झाला तर बोलायला आवडेल." तीनच ओळी, आराखडा-बिराखडा काही नाही.

अर्धविराम (शुक्रवारी)
भरतीवाल्यांचा फोन आला. म्हणाले, नकार सोमवारी रात्री वेळ लावून ठेवला होता, तुमचा पहिला मेल मी बुधवारी उघडला. पोस्टमन, पैज जिंकलात. जागा मात्र भरली आहे. जाता जाता म्हणाले, "तुमचा तो आराखडा आवडला, मी आमच्या विभागप्रमुखांकडे पाठवलाय."

टेबलापलीकडची
चांगली खूण आहे ही. नाव लक्षात राहील.

कडू कारलं
नाव राहील की नाही माहीत नाही. चार पानं मात्र राहिली, तीही फुकटात. आता ती तो रुजू होणारा वाचेल.

अर्धविराम
फोन ठेवल्यावर माझ्याही मनात पहिलं तेच आलं.