सिलिकॉनच्या ब्रशने कोंडा निघतोय की मीच डोकं सोलतेय? (मदत हवी आहे)

मधुरा_के
मंडळी, चार महिने झाले, कोंड्याने वैताग आणलाय. वय 34, केस दाट आणि खांद्याच्या खाली. काळा कुर्ता घालणं सोडून दिलंय. दीड महिन्यापूर्वी 199 रुपयांचा सिलिकॉनचा ब्रश मागवला. तळहातात मावणारा, वर बोट घालायला कडी, खाली बोथट दात. शॅम्पू लावून पहिल्यांदा फिरवला तेव्हा दातांच्या फटीत राखाडी-पांढरा लगदा अडकलेला दिसला. किळसही आली आणि बरंही वाटलं.

मग चटकच लागली. टीव्ही बघता बघता कोरड्या केसांवरही फिरवायला लागले. ओढणीवर पांढरं भुरभुरायचं, मी म्हणायचे, चला, निघतोय. आता कानामागे आणि मानेच्या वरच्या भागात आग होते, शॅम्पू लागला की चुरचुरतं. आणि कोंडा तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर! 2 टक्के कीटोकोनॅझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा लावते, तोही चालेनासा झालाय. इमारतीला टँकरचं पाणी येतं, त्याचं काही असेल का? ब्रश ठेवू की फेकू?

बटवेवाली
अगं, ब्रशचा दोष नाही, कोरड्यावर फिरवतेस तो दोष. आमच्याकडे आई आदल्या रात्री कोमट खोबरेल चोळायची आणि सकाळी बारीक दातांच्या फणीने कोंडा काढून शिकेकाईने न्हाऊ घालायची. तेलाने खपली मऊ होते आणि अलगद सुटते. तू रात्री भरपूर तेल घाल, सकाळी तेलातच ब्रश फिरव. चार आठवड्यांत फरक पडेल.

ढेपाळलेला
याच ब्रशने पुढचे केस परत येतात म्हणे, खरं का? माझं कपाळ दरवर्षी बोटभर मागे सरकतंय. रोज किती मिनिटं फिरवायचा?

ओपीडी_क्र_4
मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. न बघता निदान करणार नाही, पण मधुराताई, तुमच्या लिहिण्यातच बरंच काही आलंय.

ब्रश सुटलेला कोंडा उचलतो. कोंडा तयार होण्याशी त्याचा संबंध नाही. डोक्यावर मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच असते, तेलकटपणावर जगते. काहींच्या कातडीला ती सोसत नाही. मग कातडी घाईघाईने नवे थर तयार करते आणि जुने अर्धवट चिकटलेले राहून गठ्ठ्याने सुटतात. ओल्या डोक्यात, फेस असताना, यातले सुटू घातलेले पापुद्रे ब्रशने निघतात. तो लगदा तुम्ही पाहिलात तोच, त्यात मेलेल्या कातडीबरोबर तेल आणि शॅम्पूही होता. त्यामुळे लगदा बघून किती कोंडा निघाला हे ठरवू नका.

कोरड्या डोक्यावर मात्र अजून सुटायला न आलेले थरही खरवडले जातात. खालची कातडी उघडी पडली की आग होते, आणि ती भरून काढायला शरीर पुन्हा घाईने थर टाकतं. म्हणजे जो कोंडा 'निघतोय' असं वाटतं, त्यातला काही तुम्हीच तयार करताय.

एक विचारते. कीटोकोनॅझोल किती वेळ डोक्यावर ठेवता?

बटवेवाली, तेलाने खपली मऊ होते हे अगदी बरोबर. जाड खपल्या असतील तर न्हाण्याआधी अर्धा-एक तास तेल लावून धुतलेलं चालतं. पण या बुरशीला तेलातली स्निग्धाम्लं लागतात, म्हणून रात्रभर तेल ठेवायला मी सांगत नाही.

ढेपाळलेला, 2016 साली जपानमध्ये नऊ पुरुषांवर यंत्राने रोज चार मिनिटं मालिश करून 24 आठवडे पाहिलं होतं, केस थोडे जाड झाले. संख्या वाढली नाही. तुमचा प्रश्न वेगळाच आहे, त्याला वेगळा धागा काढा.

मधुरा_के
किती वेळ म्हणजे? लावते, ब्रश फिरवते, धुते. अर्धा मिनिट असेल.

ओपीडी_क्र_4
इथेच घोडं अडलंय. हा शॅम्पू फेसासाठी नाही, औषध म्हणून आहे. कातडीवर तीन ते पाच मिनिटं राहायला हवा. तुमच्या दाट केसांत तो बहुधा केसांवरच राहतो, खाली पोचतच नाही. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, घड्याळ लावून करा. नंतर आठवड्याने किंवा पंधरवड्याने एकदा.

नाशिककर
मी सावध करायला लिहितोय. मीही कोंडाच समजून असाच ब्रश दोन महिने घासला. चट्टे जाड होते, चंदेरी, आणि केसांच्या रेषेबाहेर कपाळावर यायला लागले होते. एका ठिकाणी खपली निघाली आणि खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब आले. पुढच्या आठवड्यात ब्रश जिथे जास्त लागायचा तिथे नवा चट्टा. शेवटी तपासलं तर सोरायसिस. कोपरावरचा चट्टा मी इतकी वर्षं 'डेस्कवर घासून झालाय' म्हणत होतो! तुमचेही असे जाड चट्टे असतील तर ब्रश आजच बंद करा.

ओपीडी_क्र_4
हे महत्त्वाचं. सोरायसिसमध्ये जिथे खरचटतं तिथे नवा चट्टा उठू शकतो, म्हणून तिथे ब्रश नकोच. मधुराताई, तुमचे कण कसे आहेत? पिवळसर, थोडे तेलकट की कोरडे, चंदेरी, थरावर थर? कपाळावर, कोपरावर, नखांवर काही?

मधुरा_के
पिवळट-पांढरे, बोटाने चुरगाळले की थोडे चिकट. नाकाच्या कडेलाही सोलतं. बाकी कुठे काही नाही.

ओपीडी_क्र_4
मग सोरायसिसपेक्षा सेबोऱ्हिक डर्माटायटिस, म्हणजे तेलकट भागातली कातडी लाल होऊन सोलणं, जास्त जुळतं. एक दिवस समोर दाखवून घ्या, तरी.

साचेकाम
मी भोसरीत रबर मोल्डिंगमध्ये आहे, केसांतलं मला काही कळत नाही, ब्रशबद्दल बोलतो. दाताच्या टोकाला साच्याचा जोड येत असेल तर तिथे रबराचा बारीक पापुद्रा राहतो. चांगला कारखाना तो काढतो, स्वस्त माल तसाच पॅक होतो. ब्रश ट्यूबलाइटखाली तिरका धरा आणि टोकं बघा. नाहीतर मनगटाच्या आतल्या बाजूला हलकेच ओढा. गुळगुळीत लागायला हवं. चार-पाच दात खरखरीत लागले तरी दीड महिन्यात ते तुमच्या डोक्यावर किती वेळा ओढले गेले असतील, हिशोब करा.

दुसरं म्हणजे दात जिथे पाटीला जोडलेले आहेत तिथे बघा. कडीवाल्या ब्रशमध्ये पाटी आणि कडी वेगळी असते, मधल्या फटीत पाणी साठतं. माझ्या बायकोच्या ब्रशमध्ये काळे ठिपके होते. आणि टँकरचं पाणी जड असतं, कोंडा त्याचाच असणार, आमच्या नळाला पांढरा थर बसतो.

मधुरा_के
बघितला! तीन दात खरखरीत, आणि बुडाशी मोहरीएवढे काळे ठिपके. ई.

ओपीडी_क्र_4
टाकून द्या, उकळत बसू नका. पाण्यावर मी सगळा दोष टाकणार नाही. जड पाण्याने केस राठ होतात, डोकं कोरडं वाटतं, पण पिवळट, तेलकट कोंडा आणि नाकाच्या कडेचं सोलणं त्याने समजत नाही.

बटवेवाली
मग आता बोटांनीच करायचं? मग इतकं पुराण कशाला!

मधुरा_के
मला खरंच कळायला हवंय, ब्रशने काही होतं की नाही. बोटांनी शॅम्पू खाली पोचतच नाही माझा. नवा ब्रश घेऊन अर्ध्या डोक्यावर वापरून बघू का?

ओपीडी_क्र_4
बघा, पण आधी आग पूर्ण थांबू द्या. तोवर फक्त बोटांची पेरं, नखं नाहीत. मग दोन्ही बाजूंना तोच शॅम्पू, तेवढाच वेळ. केसांचे भांग पाडून शॅम्पू थेट कातडीवर ओता. ब्रश फक्त उजवीकडे, फेस असताना. दात एका जागी टेकवून कातडी हलेल एवढंच गोल फिरवा, उचला, पुढे टेकवा. केसांतून ओढत नेऊ नका. ओले केस ताणले जातात, तुटतात. एका बाजूला एक मिनिट पुरे.

मधुरा_के (पाच आठवड्यांनी)
आग आठ दिवसांत गेली. नंतर चार आठवडे, सोमवार आणि गुरुवार, फोनवर पाच मिनिटांचा गजर लावून केलं. गजर वाजेपर्यंत डोळे मिटून उभं राहणं हा सगळ्यात कठीण भाग.

पहिल्या आठवड्यात धुतल्या धुतल्या उजवी बाजू नक्कीच स्वच्छ दिसायची, भांगात कण नसायचे. डावीकडे थोडे उरायचे. पण तिसऱ्या दिवशी दोन्हीकडे सारखंच. दुसऱ्या आठवड्यापासून दोन्हीकडे कमी. चौथ्या आठवड्यात काळा कुर्ता घातला, संध्याकाळी खांदे झटकायची वेळ आली नाही. म्हणजे ब्रश नसलेल्या बाजूलाही कोंडा गेला.

फक्त उजव्या कानामागे थोडी लाली परत आलीय. तिथे कातडी हाडावर ताणलेली असते, ब्रश जरा जास्तच दाबला जातो बहुतेक.

साचेकाम
उजव्या हाताने उजवी बाजू घासता ना? हाताचा जोर तिकडे जास्त पडतो. डाव्या हाताने डावी करून बघा, मग बोला. आणि केस कापून घेतलेत का मधे?

मधुरा_के
हो, दोन इंच कापले, तिसऱ्या आठवड्यात. दोन्हीकडे सारखेच पण. आता पुढचे दोन आठवडे ब्रश डावीकडे, कानामागे मुळीच नाही.

बटवेवाली
आणि तेल?

मधुरा_के
रविवारी, न्हाण्याआधी अर्धा तास. आई रागावलीय.

ओपीडी_क्र_4
ब्रश वापरून झाला की कडी काढून झटका आणि दात खाली करून बाथरूमबाहेर वाळत ठेवा. कानामागची लाली दोन आठवड्यांत गेली नाही, किंवा तिथे पाणी सुटायला लागलं, तर ब्रश बंद आणि दाखवायला या. तिथे कधी कधी केसांच्या रंगाची किंवा शॅम्पूतल्या सुवासाची ॲलर्जीही असते, ती इथे बसून मला सांगता येणार नाही.

मधुरा_के
रंग! मेंदी म्हणून विकतात ती काळी पावडर लावते, दर महिन्याला. तिचाही विचार करायला हवा का?

ओपीडी_क्र_4
करायलाच हवा. पाकीट फेकू नका, येताना घेऊन या.